प्रत्येक तुकडीचा नंबर पुन्हा एकपासून: COUNTIFS ने निकाल लावताना

प्रथम सत्राचा निकाल दिवाळीच्या सुट्टीआधी लावायचा असतो, आणि शेवटी सगळ्या विषयांचे गुण कुणातरी एकाच्याच लॅपटॉपवर येऊन पडतात. पंचवटीतल्या आमच्या शाळेत ते काम माझ्याकडे आहे. पाचवी ते दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, म्हणजे बारा तुकड्यांचे गुण एकाच शीटमध्ये एकाखाली एक. गुण भरून झाले, बेरजा झाल्या, की उरतो नंबर काढायचा प्रश्न.

नवीन आलेल्या शिक्षकांना एक्सेलमधलं RANK माहीत असतं, म्हणून ते तेच लावतात. RANK सगळ्या कॉलमवर एकच क्रम लावतं. त्याला तुकडी नावाची गोष्ट कळतच नाही, आणि ती सांगायला त्यात जागाही नाही. मग पाचवी-ब मधल्या मुलाचा नंबर दहावी-अ मधल्या मुलांशी तुलना होऊन लागतो. हे लक्षात आलं की बहुतेक जण बारा तुकड्यांना बारा वेगळे RANK लावतात. पहिल्या तुकडीला ओळ २ ते ४६, दुसरीला ४७ ते ९३, असं. ते चालतं, पण कुणी शीट सॉर्ट करेपर्यंतच. तुकड्यांची मुलं एकमेकांत मिसळली की कोणता RANK कोणत्या ओळी बघतोय याचा मेळ राहत नाही.

आपल्याला हवंय ते हजेरी क्रमांकासारखं. हजेरी जशी प्रत्येक तुकडीत एकपासून सुरू होते, तसा निकालातला नंबरही प्रत्येक तुकडीत एकपासून सुरू व्हायला हवा, आणि तोही एकाच फॉर्म्युल्याने. त्यासाठी COUNTIFS पुरतं. ते एक्सेल २००७ पासून आहे, गूगल शीट्समध्येही तसंच चालतं, त्यामुळे शाळेतल्या जुन्या संगणकावरही सहसा अडचण येत नाही.

समजून घ्यायला छोटी शीट घेऊ. दोन तुकड्या, दहा मुलं. A मध्ये हजेरी, B मध्ये तुकडी, C मध्ये गणिताचे गुण, D मध्ये ५०० पैकी एकूण. E मध्ये नंबर काढायचा आहे. इथे वाचताना अंक देवनागरी दिसतील, पण शीटमध्ये गुण इंग्रजी अंकांतच टाका.

```
     A       B        C      D      E
1   हजेरी   तुकडी     गणित   एकूण   नंबर
2    1     आठवी-अ    72    412
3    2     आठवी-अ    88    437
4    3     आठवी-अ    61    368
5    4     आठवी-अ    79    412
6    5     आठवी-अ    45    291
7    1     आठवी-ब    90    451
8    2     आठवी-ब    68    389
9    3     आठवी-ब    83    437
10   4     आठवी-ब    55    320
11   5     आठवी-ब    गैर    गैर
```

फॉर्म्युला लिहिण्याआधी एक साधी गोष्ट मनात पक्की करा. एखाद्याचा नंबर तिसरा म्हणजे काय? त्याच्यापुढे दोघं आहेत, एवढंच. म्हणजे नंबर काढायला क्रम लावावाच लागत नाही. माझ्याच तुकडीत माझ्यापेक्षा जास्त गुण किती जणांना आहेत ते मोजायचं आणि त्यात एक मिळवायचा. COUNTIFS नेमकं हेच करतं: दोन्ही अटी एकदम पाळणाऱ्या ओळी मोजतं.

E2 मध्ये हे टाका आणि एंटर दाबा:

```
=COUNTIFS($B$2:$B$11,B2,$D$2:$D$11,">"&D2)+1
```

पहिली जोडी `$B$2:$B$11,B2` म्हणते, तुकडीच्या कॉलममध्ये माझीच तुकडी असलेल्या ओळी घे. दुसरी जोडी `$D$2:$D$11,">"&D2` म्हणते, त्यातल्या माझ्यापेक्षा जास्त गुण असलेल्याच मोज. ओळ २ मधल्या मुलाचे गुण ४१२. आख्ख्या शीटमध्ये ४१२ च्या वर तिघं आहेत: एक ४५१ आणि दोन ४३७. त्यातले ४५१ आणि एक ४३७ आठवी-ब चे, म्हणून पहिल्याच अटीत बाहेर. उरला आठवी-अ चा एक ४३७. मोजणी एक, अधिक एक, म्हणून नंबर २.

`">"&D2` हा तुकडा नवख्यांना बुचकळ्यात टाकतो. मोठेपणाचं चिन्ह अवतरणचिन्हात असतं आणि सेलचं नाव बाहेर, मध्ये & ने दोघांना जोडायचं. `">D2"` असं सगळंच आत घातलंत तर एक्सेल D2 या सेलमधला आकडा बघायला जातच नाही, `D2` ही अक्षरंच धरून बसतं. आठवी-अ मध्ये मग मोजणी शून्य येते आणि तिथल्या सगळ्यांचा नंबर १ लागतो.

आता E2 चा कोपरा धरून फॉर्म्युला खाली ओढा. आठवी-अ मध्ये वरून खाली २, १, ४, २, ५ येईल. आठवी-ब मध्ये ३८९ ला ३, ४५१ ला १, ४३७ ला २, ३२० ला ४. आठवी-अ चा ४३७ पहिला आणि आठवी-ब चा ४३७ दुसरा, हे दिसलं की समजायचं, नंबर तुकडीनिहाय लागलाय. शीट कशीही सॉर्ट करा, मुलं कितीही मिसळू द्या, आकडे हलत नाहीत, कारण फॉर्म्युला ओळींच्या जागेवर नाही, तुकडीच्या नावावर चालतो. फिल्टर लावून काही ओळी लपवल्या तरी COUNTIFS लपलेल्या ओळीही मोजतं, त्यामुळे नंबर तोच राहतो.

आता ओळ ११ बघा. जी मुलगी परीक्षेला बसलीच नाही, तिच्या पुढेही १ आलाय.

हे माझ्या हातून एकदा खरंच झालं आहे. आधीच्या शाळेत असताना याद्या छापून सूचनाफलकावर लावल्या. दुसऱ्या दिवशी मखमलाबादकडचे एक पालक द्राक्षाच्या छाटणीचं काम सोडून शाळेत आले. मुलगी पंधरा दिवस तापाने अंथरुणाला खिळलेली होती. ते म्हणाले, "मॅडम, पोरीने एकही पेपर दिला नाही. मैत्रिणी घरी येऊन सांगतात तुझा पहिला नंबर आलाय. ती कालपासून रडतेय, तिला वाटतंय सगळे चिडवतायत." मी यादी काढून घेतली, माफी मागितली, आणि संध्याकाळी बसून हा १ कुठून येतो ते शोधलं.

तो येतो शेवटच्या `+1` मधून. तिच्या एकूणच्या जागी `गैर` असा शब्द होता. फॉर्म्युला शोधू लागला "गैर पेक्षा मोठं" काहीतरी. असा शब्द कॉलममध्ये दुसरा नव्हता, आणि आकड्यांची तुलना तो शब्दाशी करत नाही. मोजणी शून्य, अधिक एक, नंबर पहिला. या फॉर्म्युल्याची हीच खोड आहे: काही बिनसलं की तो चूक म्हणून ओरडत नाही, मुकाट्याने १ दाखवतो. आणि निकालाच्या यादीत सगळ्यात जास्त नजरा खिळतात त्याही एकवरच. म्हणून यापुढचं सगळं त्या चुकीच्या एकांना पकडण्यासाठी आहे.

गैरहजरांचा बंदोबस्त सोपा आहे. एकूणच्या जागी आकडा असेल तरच नंबर काढायचा, नाहीतर रेघ:

```
=IF(ISNUMBER(D2),COUNTIFS($B$2:$B$500,B2,$D$2:$D$500,">"&D2)+1,"-")
```

यात मी ११ च्या जागी ५०० केलंय, तेही मुद्दाम. वर्षाच्या मध्ये नवा दाखला येतो आणि मुलाचं नाव शीटच्या तळाशी लिहिलं जातं. फॉर्म्युला ११ व्या ओळीपर्यंतच बघत असेल तर तो मुलगा इतरांच्या मोजणीत धरलाच जाणार नाही. रिकाम्या ओळी मोजल्या जात नाहीत, त्यामुळे ५०० ठेवल्याने काही बिघडत नाही. मुलं त्याहून जास्त असतील तर आकडा वाढवा. दोन्ही जागी सारखाच वाढवा, एकीकडे ५०० आणि दुसरीकडे ६०० झालं तर `#VALUE!` येईल. ती चूक निदान समोर तरी दिसते.

एकाच विषयाला गैरहजर असलेल्या मुलाचं काय करायचं, हे मात्र एक्सेल ठरवणार नाही. बेरजेला SUM लावलं असेल तर ते `गैर` हा शब्द वगळून बाकी चार विषयांची बेरीज करतं, आणि ते मूल चार विषयांच्या गुणांवर नंबरात येतं. आमच्याकडे अशा मुलाला नंबर देत नाहीत, म्हणून आम्ही बेरजेतच अट घालतो की पाचही विषयांत आकडे असतील तरच बेरीज, नाहीतर `गैर`. तुमच्या शाळेची रीत मुख्याध्यापकांना आधी विचारून घ्या.

दुसरा खोटा एक येतो डॉलरच्या चिन्हामुळे. `$B$2:$B$11` मधले डॉलर म्हणजे खिळे. ते नसतील तर फॉर्म्युला एक ओळ खाली ओढला की बघायचा पट्टाही एक ओळ खाली सरकतो. E5 मधला फॉर्म्युला मग ओळ ५ पासूनच बघतो. वरचा ४३७ त्याच्या नजरेआड झाला, आणि ४१२ वाल्याला १ मिळाला. त्याखालच्या २९१ लाही १, कारण त्याच्या तुकडीत त्याच्याखाली कुणीच उरलं नाही. एकाच तुकडीत तळाकडे एकांची गर्दी दिसली की आधी डॉलर बघा. फॉर्म्युल्यात पट्टा निवडून F4 दाबलं की डॉलर लागतात, काही लॅपटॉपवर Fn धरून F4 दाबावं लागतं. `B2` आणि `D2` ला मात्र डॉलर लावू नका, त्यांनी प्रत्येक ओळीबरोबर सरकायलाच हवं.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, म्हणून त्यावर थोडं थांबते. विषयशिक्षक आपापले गुण व्हॉट्सॲपवर फाइलने पाठवतात, कुणी दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून पाठवतात. त्यातले काही आकडे दिसायला आकडे असतात, पण एक्सेलच्या लेखी ते मजकूर असतात. समजा ओळ ३ मधला ४३७ असा मजकूर होऊन आला. "यापेक्षा जास्त" अशी अट असली की COUNTIFS फक्त खऱ्या आकड्यांनाच मोजतं. म्हणजे दोन्ही ४१२ वाल्यांच्या पुढे आता कुणीच नाही, दोघांनाही १. आणि साध्या फॉर्म्युल्यात खुद्द ४३७ लाही १, कारण त्याच्याही वर कुणी नाही. एका तुकडीत तीन पहिले, वेगवेगळ्या गुणांचे. वरचा ISNUMBER चा फॉर्म्युला असेल तर ४३७ समोर रेघ येते, आणि हजर असलेल्या मुलापुढे रेघ दिसली की शंका घ्यायची.

असा आकडा ओळखायच्या खुणा आहेत. तो सेलमध्ये आपोआप डावीकडे चिकटतो, खरा आकडा उजवीकडे. बऱ्याचदा कोपऱ्यात हिरवा त्रिकोणही असतो. पण कुणी सगळा कॉलम मधोमध आणला असेल तर पहिली खूण पुसली जाते, म्हणून मी नजरेवर विसंबत नाही. D कॉलमबाहेरच्या कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये हे टाकते:

```
=COUNT(D2:D500)
```

COUNT फक्त खरे आकडे मोजतं. आपल्या दहा मुलांत एक गैरहजर, म्हणजे उत्तर ९ यायला हवं. ८ आलं तर एक आकडा मजकूर झालेला आहे. दुरुस्तीला तो कॉलम निवडा, Data मध्ये Text to Columns वर जा आणि काही न बदलता थेट Finish दाबा. आकडे पुन्हा आकडे होतात आणि नंबर तिथल्या तिथे सुधारतात. मात्र बेरीज फॉर्म्युल्याने काढली असेल तर हा उपाय आणि ही मोजणी विषयांच्या कॉलमवर करा. SUM मजकुरातला आकडा गाळून टाकतं, त्यामुळे तिथे बेरीजच कमी येते.

चौथं कारण तुकडीच्या नावात असतं. `आठवी-अ` च्या मागे चुकून एक स्पेस पडली की ते एक्सेलसाठी वेगळंच नाव होतं, आणि तो मुलगा एकट्याच्याच तुकडीत पहिला येतो. डोळ्यांना काहीही दिसत नाही. `=LEN(B2)` टाकलं तर `आठवी-अ` चं उत्तर ६ येतं (वेलांटी वेगळी मोजली जाते), मागे स्पेस असेल तर ७. आम्ही तुकडीच्या नावात मुळातच स्पेस ठेवत नाही, त्यामुळे B कॉलम निवडून Ctrl+H ने सगळ्या स्पेस काढून टाकता येतात. तुकडीचा रकाना रिकामा राहिला असेल तरीही तेच, नंबर १. आणि तुकड्यांना अ-ब ऐवजी आकडे देणाऱ्यांनी `8-1` असं लिहू नये, एक्सेल त्याची तारीख करून टाकतं.

यातच आपल्याकडचा खास घोळ म्हणजे जुने फॉन्ट. एखादे सर अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करतात आणि बाकीचे युनिकोडमध्ये. कागदावर दोन्ही "आठवी-अ" सारखेच दिसतात. त्या सेलवर क्लिक करून वर फॉर्म्युला बारमध्ये बघा. तिथे मराठीऐवजी विचित्र इंग्रजी अक्षरं दिसली तर ते जुन्या फॉन्टमधलं आहे. ते नाव जुळणं शक्यच नाही, युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा.

नंबर टक्केवारीवर न काढता बेरजेवर काढा, असंही सांगेन. `">"&D2` मध्ये जोडताना आकड्याचा मजकूर होतो आणि त्यात १५ अंकांपलीकडचा दशांश उरत नाही. ३३.३३३३… सारखी न संपणारी टक्केवारी असेल तर मूल स्वतःपेक्षाच किंचित मोठं ठरू शकतं, आणि तुकडीत पहिला नंबर कुणाचाच न येता थेट दुसऱ्यापासून सुरुवात होऊ शकते. पूर्ण गुणांच्या बेरजेत हा त्रास नाही.

आता समान गुणांचं. आठवी-अ मध्ये दोघांना ४१२, दोघांनाही २, आणि पुढचा थेट ४. तिसरा नंबर कुठे गेला, असं पालक विचारतात. ४ चा अर्थ त्याच्यापुढे तिघं आहेत, आणि ते खरं आहे. काही शाळांना १, २, २, ३ असं हवं असतं. त्याला वेगळी बांधणी लागते, तुमची शाळा तसा नंबर देत असेल तर हा फॉर्म्युला वापरू नका. काही शाळा समान गुण असले की गणितात जास्त गुण असलेल्याला वर धरतात. ते मात्र आहे त्यातच एक मोजणी जोडून होतं, दोन्ही ओळी एकाच सेलमध्ये सलग टाका:

```
=COUNTIFS($B$2:$B$500,B2,$D$2:$D$500,">"&D2)
+COUNTIFS($B$2:$B$500,B2,$D$2:$D$500,D2,$C$2:$C$500,">"&C2)+1
```

दुसरी मोजणी म्हणते, माझ्याच तुकडीत, माझ्याइतकीच बेरीज, पण गणितात माझ्यापेक्षा जास्त, असे किती? ओळ ५ च्या मुलाला गणितात ७९, त्याचा नंबर २ राहतो. ओळ २ ला ७२, त्याच्यापुढे आता आणखी एक आला, म्हणून ३. ४ होता तो ४ च राहतो. हाही फॉर्म्युला ISNUMBER च्या आत घालायला विसरू नका.

यादी छापण्याआधी मी एक तपासणी कधीच चुकवत नाही. E कॉलमला फिल्टर लावायचा आणि फक्त १ निवडायचा. आमच्या बारा तुकड्या, म्हणजे बारा ओळी दिसायला हव्यात. तेरावी ओळ दिसली तर ती कोणत्या तुकडीची ते बघायचं. दोघांचेही गुण सारखे असतील तर बरोबरी खरी, पेढे दोघांनाही. गुण वेगळे असतील तर वरच्यापैकी कुठलातरी घोळ आहे. अकराच ओळी दिसल्या तर एखाद्या तुकडीचे सगळेच गुण मजकूर होऊन सगळ्यांपुढे रेघ तर आलेली नाही ना, किंवा एखाद्या तुकडीचे गुण यायचेच तर राहिले नाहीत ना, ते बघायचं. याला दोन मिनिटं लागतात.

मग फिल्टर काढा, आधी तुकडी आणि मग नंबर अशा क्रमाने सॉर्ट करा. एखाद्या तुकडीची यादी वर्गशिक्षकांना वेगळ्या फाइलमध्ये द्यायची असेल तर नुसतं कॉपी-पेस्ट करू नका, Paste Special मधून Values निवडून चिकटवा. म्हणजे तिथे फॉर्म्युले न जाता नुसते आकडे जातील, आणि वर्गशिक्षकांनी त्यांच्या फाइलमध्ये एखादी ओळ हलवली किंवा खोडली तरी कुणाचा नंबर बदलणार नाही. मूळ शीटमध्ये फॉर्म्युले तसेच राहू द्या. पेपर दाखवल्यावर फेरबेरजेत कुणाचे दोन गुण वाढले की फक्त तो विषयाचा आकडा बदलायचा, आणि त्या तुकडीची तेवढी यादी पुन्हा काढून वर्गशिक्षकांना द्यायची.